ऑक्युपन्सी 78 टक्के, तरी गल्ला कमी: वीस खोल्यांचा हिशोब कुठे चुकतोय?

सुरूबन | 4 डिसेंबर 2025, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. दापोलीजवळ कर्दे-मुरूड पट्ट्यात आमचं वीस खोल्यांचं हॉटेल आहे. वडिलांनी बांधलं, गेली सहा वर्षं मी आणि बायको बघतो. काल नोव्हेंबरचा हिशोब काढायला बसलो आणि पहाटे तीनपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही.

दिवाळी झाल्यावर आम्ही बुकिंगच्या ॲपवर 25 टक्के सूट लावली. 2,600 ची खोली 1,950 ला. हॉटेल भरलेलं दिसायला लागलं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या गळतीमुळे महिनाभर बंद होत्या, म्हणजे 18 खोल्या, 30 रात्री, 540. त्यातल्या 420 भरल्या. 78 टक्के! गेल्या नोव्हेंबरला 600 पैकी 312 होत्या, फक्त 52 टक्के.

आता भाव. शनिवार-रविवार आणि सणाला 3,000, मधल्या वारी 2,200, ॲपवर 1,950. तिन्हींची सरासरी 2,383. त्याला 420 ने गुणलं तर दहा लाख आठशे साठ रुपये यायला हवेत. गल्ला आणि बँक मिळून आले 9,19,800. गेल्या वर्षी याच महिन्यात खोल्या कमी भरूनही 9,50,208 आले होते.

म्हणजे यायला हवे होते त्यापेक्षा 81 हजार कमी. काउंटरवर चार वर्षांपासून एकच मुलगा आहे, गावातलाच. त्याच्याविषयी वाईट मनात आणायला जीव धजत नाही, पण आकडा समोर आहे. त्याला विचारण्याआधी इथे विचारतोय. माझं काही चुकतंय का?

अभंग_ठाणे | 4 डिसेंबर, रात्री 11:15

ऑक्युपन्सीचं काम असेल तर नगरपंचायतीत आधी बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला लागतो, मग भोगवटा प्रमाणपत्र मिळतं. आमच्या सोसायटीला ते मिळायला फार वर्षं लागली. गळतीच्या दोन खोल्या दुरुस्त केल्याशिवाय अर्ज करू नका, तपासणीला माणूस आला की अडवतो.

सुरूबन | 4 डिसेंबर, रात्री 11:22

दादा, ते प्रमाणपत्र आमच्याकडे आहे. मी खोल्या किती टक्के भरल्या त्याबद्दल विचारतोय. पण गळतीचं लक्षात ठेवतो.

मोहनकाका_पाचगणी | 5 डिसेंबर, सकाळी 6:50

अहो, पोराला काही विचारू नका अजून. आणि सूट लावली ते बरोबरच केलंत. माझं तीस वर्षं लॉज आहे. रिकामी खोली म्हणजे दुपारनंतरची मासळी. मंगळवारी रात्री न विकलेली खोली बुधवारी विकता येत नाही. 1,950 मिळाले तर 1,950, शून्यापेक्षा बरेच. हॉटेल भरलेलं ठेवा, पैसा आपोआप येतो. मी आयुष्यभर एकच आकडा बघितला, किल्ल्यांच्या फळीवर किती किल्ल्या लटकतायत. लटकणाऱ्या किल्ल्या कमी तर धंदा चांगला.

निशिगंध | 5 डिसेंबर, सकाळी 9:30

सुरूबन, मी बावीस वर्षं हॉटेलांत फ्रंट ऑफिसला काढली, त्यातली नऊ नाईट ऑडिटला. रात्री दोन वाजता दिवस बंद करून प्रत्येक खोलीचा भाव रजिस्टरशी ताडून बघायचा हे माझं काम होतं. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. त्या मुलाशी काहीही बोलू नका, हात जोडून सांगते. आधी चार गोष्टी सांगा.

तिन्ही भावांनी प्रत्येकी किती खोल्या गेल्या? 420 मध्ये फुकट दिलेल्या खोल्या आहेत का, पाहुणे, ओळखीपाळखीचे? 9,19,800 मध्ये जीएसटी धरलाय का? आणि ॲपचा पैसा गिऱ्हाइकाने भरला तेवढा धरलाय की कमिशन कापून खात्यात आला तेवढा? गेल्या वर्षाचंही हेच सगळं हवं.

सुरूबन | 5 डिसेंबर, दुपारी 3:05

ताई, रजिस्टर घेऊन बसलो होतो. यंदा शनिवार-रविवार-सणाच्या भावाने थेट आलेल्या 48, मधल्या वारी थेट 120, ॲपवरून 240. झाल्या 408. उरलेल्या 12 रात्री फुकट, मेव्हण्याचं कुटुंब चार दिवस दोन खोल्यांत होतं आणि आमच्या सीएंना दोन खोल्या दोन रात्री दिल्या.

गेल्या वर्षी थेट 102 गेल्या 3,200 ने, मधल्या वारी 120 गेल्या 2,400 ने, ॲपवरून 90 गेल्या 2,600 ने. फुकट कोणी नव्हतं.

जीएसटी दोन्ही वर्षी आत धरलाय. ॲपचा पैसा गिऱ्हाइकाने भरला तेवढा पूर्ण धरलाय, कमिशन वेगळ्या खात्यात खर्च म्हणून टाकतो. आमचे भाव फक्त खोलीचे, नाश्ता-जेवणाचं बिल वेगळं.

निशिगंध | 5 डिसेंबर, रात्री 9:10

मन शांत करा. तुमचे 81 हजार कुठे गेलेलेच नाहीत.

पहिलं, सरासरी. 3,000, 2,200 आणि 1,950 यांची बेरीज करून तिनाने भागलंत, म्हणजे तिन्ही भावांना सारखं वजन दिलंत. पण 3,000 ने 48 च खोल्या गेल्या आणि 1,950 ने 240. बाजारात दोन किलो कांदे आणि पावशेर लसूण घेतली तर दोन्ही भावांची बेरीज करून दोनाने भागत नाही आपण. आधी पैसे मोजायचे, मग खोल्यांनी भागायचं. 48 खोल्यांचे 1,44,000, मधल्या वारच्या 120 चे 2,64,000, ॲपच्या 240 चे 4,68,000. एकूण 8,76,000. याला विकलेल्या 408 ने भागा, 2,147 येतात. हा तुमचा खरा एडीआर, दर विकलेल्या खोलीमागे मिळालेला सरासरी भाव. 2,383 हा भाव तुम्हाला कधीच मिळाला नाही.

दुसरं, मेव्हणे आणि सीए. त्या 12 रात्रींचा पैसा आला नाही, म्हणून एडीआर काढताना त्या विकलेल्यांत धरायच्या नाहीत. चादरी धुतल्या, गीझर चालला, तो खर्च खर्चाच्या बाजूला दिसेलच.

तिसरं, जीएसटी. तो सरकारचा पैसा, तुमच्या हातून जातो इतकंच. 8,76,000 वर 5 टक्के म्हणजे 43,800. बेरीज करा, 9,19,800. तुमचा जमा आकडा रुपयाला रुपया जुळला.

आता तफावत बघा. तुम्ही धरलेले 10,00,860 आणि खरे 8,76,000 यांत 1,24,860 चं अंतर आहे. त्यातले 28,596 हे बारा फुकट रात्रींना 2,383 ने गुणल्यामुळे आले, उरलेले 96,264 चुकीच्या सरासरीमुळे. मग जीएसटीचे 43,800 जमेत मिसळले म्हणून अंतर 81 हजारच दिसलं. सगळं कागदावरचं आहे.

एक मात्र सांगते, कारण ते लपवणं बरोबर नाही. हा हिशोब रजिस्टरमध्ये लिहिलेल्या खोल्यांपुरता आहे. जी खोली लिहिलीच नाही ती यात दिसत नाही. त्यासाठी आम्ही धोब्याची वही बघायचो. गिऱ्हाईक खोली सोडून गेलं की चादर बदलतेच, म्हणून महिन्यातली चेक-आउटं आणि धोब्याकडे गेलेल्या चादरी जुळायला हव्यात. एकदा मोजा आणि विषय मनातून काढून टाका.

सुरूबन | 6 डिसेंबर, सकाळी 8:20

ताई, काय बोलू. रात्री बायकोला वाचून दाखवलं. सकाळी धोब्याची वही काढली. फाटलेल्या दोन चादरी आम्हीच बाजूला काढल्या होत्या, त्या धरून सगळ्या जुळल्या. मुलगा आत्ता काउंटरवर चहा पितोय, त्याला यातलं काही माहीत नाही. माझ्या मनात आलं होतं याचीच लाज वाटतेय.

पण मग गेल्या वर्षीपेक्षा गल्ला तीस हजारांनी कमी का? ते तर खरंच आहे ना?

निशिगंध | 6 डिसेंबर, सकाळी 11:45

तेही नाही. गेल्या नोव्हेंबरला तुमच्या भावाच्या खोल्यांवर जीएसटी 12 टक्के होता. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के झाला. म्हणजे गेल्या वर्षीच्या 9,50,208 मधला लाखभर रुपये कर होता. तो काढला की तुमचे स्वतःचे 8,48,400 राहतात. यंदा 8,76,000. खोल्यांचं उत्पन्न 27,600 ने वाढलंय.

आता दोन्ही वर्षं शेजारी ठेवू. गेल्या वर्षी 600 पैकी 312, 52 टक्के, एडीआर 2,719. यंदा 600 पैकी 408, 68 टक्के, एडीआर 2,147. भरणं वाढलं, भाव पडला. यातलं जास्त काय झालं ते एका आकड्यात बघायचं तर रेव्हपार काढा. खोल्यांचं उत्पन्न भागिले विकायला असलेल्या सगळ्या खोल्या, भरलेल्या नव्हे. गेल्या वर्षी 8,48,400 भागिले 600, म्हणजे 1,414. यंदा 8,76,000 भागिले 600, 1,460. एडीआरला ऑक्युपन्सीने गुणलंत तरी हेच येतं, करून बघा.

दर खोलीमागे दर रात्री 46 रुपये वाढले. फार नाही, पण वाढले.

मोहनकाका_पाचगणी | 6 डिसेंबर, दुपारी 12:30

बघा, मी म्हटलं नव्हतं? हॉटेल भरलं, पैसा आला. पण ताई, तुम्ही 600 का धरता? ज्या खोलीत छतातून पाणी ठिबकतंय आणि खाली बादली ठेवलीय ती विकणार कशी? सुरूबननी 540 धरले ते योग्य.

दर्शन_दुबई | 6 डिसेंबर, दुपारी 2:00

काका, मी इथे एका मोठ्या हॉटेलात रेव्हेन्यूचं काम बघतो, मूळचा चिपळूणचा. आमच्याकडे नियम स्पष्ट आहे. दुरुस्तीला काढलेली खोली विकायच्या खोल्यांतून वजा होत नाही. सलग सहा महिने बंद राहिली तरच बाहेर. अमेरिकन हॉटेलवाल्यांची जी समान हिशोबपद्धत 1926 पासून चालत आली आहे, तिच्यातही असंच आहे.

कारण सांगतो. सुरूबन 540 ने भागतील तर ऑक्युपन्सी 75.6 टक्के आणि रेव्हपार 1,622 येतो. म्हणजे गेल्या वर्षीच्या 1,414 वरून 208 रुपयांची उडी! खरी वाढ 46 ची. बंद खोल्यांमुळे महिना उलट जास्त चांगला दिसायला लागला. उद्या आठ खोल्या बंद पडल्या तर टक्केवारी आणखी छान दिसेल.

मोहनकाका_पाचगणी | 6 डिसेंबर, दुपारी 4:10

ते तुमच्या तीनशे खोल्यांच्या हॉटेलला ठीक. तिथे दोन खोल्या म्हणजे काहीच नाही. इथे वीसात दोन म्हणजे दहा टक्के. काउंटरवरच्या माणसाचं काम कसं झालं ते बघायचं तर त्याला न दिलेल्या खोल्यांचा दोष त्याच्या माथी का? मी तर 540 च धरणार.

निशिगंध | 6 डिसेंबर, संध्याकाळी 6:25

काकांचं म्हणणं काउंटरपुरतं खरं आहे, मालकापुरतं नाही. मी 600 ने काढते, कारण त्या दोन खोल्यांवरही वडिलांनी पैसा घातलाय. पण यावर माझ्या स्वतःच्या दोन साहेबांचंही कधी एकमत झालं नाही. काहीही धरा, दोन्ही वर्षी एकच धरा आणि कशाने भागलं ते वर लिहून ठेवा.

पालवी_मालवण | 6 डिसेंबर, रात्री 8:40

मधेच विचारते. माझा तीन खोल्यांचा होमस्टे आहे. जून ते सप्टेंबर आम्ही बंद ठेवतो, समुद्र खवळलेला असतो आणि भातलावणीत घरातली सगळी माणसं शेतावर. वर्षात 218 रात्री भरल्या. पूर्ण वर्षाच्या 1,095 ने भागलं तर 20 टक्केच येतात. बँकेचा माणूस म्हणाला फारच कमी आहे, कर्ज कठीण. आणि मी माणशी 1,500 घेते, त्यात नाश्ता आणि दोन्ही जेवणं. माझा एडीआर कसा काढायचा?

निशिगंध | 6 डिसेंबर, रात्री 10:00

पालवी, दरवर्षी ठरवून बंद असतो तो काळ वगळून काढलेला आकडाही चालतो. जून ते सप्टेंबरचे 122 दिवस गेले की 243 राहतात, तीन खोल्यांच्या 729 रात्री. 218 म्हणजे 30 टक्के. बँकेला दोन्ही दे आणि आठ महिने चालतं असं स्पष्ट लिही. वर्षाचा एकूण पैसा काही बदलत नाही, हप्ता त्यातूनच जाणार आहे, म्हणून वाढवून दाखवलंस असं त्याला वाटता कामा नये.

जेवणाचं बघ. दोन माणसांच्या खोलीला 3,000 घेतेस, त्यात माशाचं जेवण. दोघांच्या जेवणा-नाश्त्याचे तुझ्या गावच्या खानावळीत जे होतील ते वजा कर. उरतं ते खोलीचं. 1,200 जेवणाचे धरलेस तर खोलीचा भाव 1,800. 3,000 हा एडीआर म्हणून सांगितलास तर नुसत्या खोलीच्या भावावाल्या शेजाऱ्याशी तुलना करताना फसशील.

पालवी_मालवण | 6 डिसेंबर, रात्री 10:15

सुरमई धरली तर बाराशेत नाही हो भागत. पण समजलं, उद्या नीट मांडते.

सुरूबन | 7 डिसेंबर, सकाळी 7:30

ताई, रेव्हपार वाढला हे पटलं. पण महिनाअखेरीस पगार आणि वीजबिल भरून माझ्या हातात गेल्या वर्षीपेक्षा कमी राहिले, हे मी शपथेवर सांगतो. यात जीएसटीचा घोळ नाही, खर्च जाऊन उरलेला पैसा मोजलाय.

निशिगंध | 7 डिसेंबर, दुपारी 1:50

बरोबर बोलताय. रेव्हपारला खर्च दिसत नाही. 1,414 आणि 1,460, दोन्ही आलेल्या पैशाचे आकडे.

एक खोली एक रात्र भरली की तुमचा जादा खर्च किती होतो? धुलाई, साबण, पाण्याच्या बाटल्या, एसी-गीझरची वीज, सफाईच्या बाईंची मजुरी. पगार-देखभाल धरू नका, ती खोली रिकामी असली तरी लागते. आणि ॲपचं कमिशन किती टक्के?

सुरूबन | 7 डिसेंबर, दुपारी 3:30

बायकोने काढलं, सगळं मिळून खोलीमागे 400 च्या आसपास. वीज सगळ्यात जास्त, आमच्याकडे नोव्हेंबरातही लोक एसी लावून झोपतात. कमिशन 18 टक्के.

निशिगंध | 7 डिसेंबर, रात्री 9:00

मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. फुकटच्या 12 रात्रींचा खर्च बाजूला ठेवू. यंदा 96 खोल्या जास्त विकल्या. 400 प्रमाणे 38,400 जादा खर्च. कमिशन गेल्या वर्षी 2,34,000 वर 42,120 गेलं, यंदा 4,68,000 वर 84,240. नेमकं दुप्पट, म्हणजे आणखी 42,120. दोन्ही मिळून 80,520 जादा गेले आणि उत्पन्न वाढलं 27,600. हातात 52,920 कमी आले.

हाच हिशोब रेव्हपारसारखा मांडा. उत्पन्नातून कमिशन आणि 400 चा खर्च काढून 600 ने भागलं तर गेल्या वर्षी 1,136 पडतात, यंदा 1,048. वरचा रेव्हपार 46 ने चढला, हा 88 ने उतरला.

आता मोहनकाकांच्या मासळीकडे येते. मंगळवारच्या रिकाम्या खोलीबद्दल काका शंभर टक्के बरोबर आहेत. ॲपवरच्या 1,950 मधून 351 कमिशन आणि 400 खर्च गेला तरी 1,199 उरतात. ते सोडायचे कशाला? पण शनिवारी जो माणूस तुम्हाला फोन करून 3,000 ला येणारच होता, तो ॲपवरून 1,950 ला आला तर 2,600 उरायचे तिथे 1,199 च उरले. असा एक माणूस सरकला की त्याची भरपाई करायला मंगळवारची एक जादा खोलीही पुरत नाही.

तुमच्या मधल्या वारच्या थेट खोल्या दोन्ही वर्षी 120 च आहेत, जराही हलल्या नाहीत. मोठ्या भावाच्या 102 वरून 48 वर आल्या. सूट कुठल्या वारी लागली होती?

सुरूबन | 8 डिसेंबर, रात्री 12:20

सगळ्या वारी. ॲपवाल्यांच्या माणसाने फोनवर सांगितलं, पूर्ण महिना लावा, तुमचं हॉटेल वर दिसेल. मी हो म्हटलं.

आज संध्याकाळभर आगमनाचं रजिस्टर चाळत होतो. गेल्या वर्षीच्या शनिवारांची नावं यंदाच्या ॲपच्या यादीत शोधली. अकरा कुटुंबं सापडली. एक चिंचवडचं कुटुंब चार वर्षं सलग थेट फोन करून येतं, आजींना खालचीच खोली लागते म्हणून आम्ही राखून ठेवतो. यंदा तेही ॲपवरून आले होते आणि माझ्या लक्षातच आलं नाही. त्यांना फोन केला. ते म्हणाले, अहो, तुम्हाला फोन करणारच होतो, पण मुलाने मोबाइलवर दाखवलं, हजार रुपये कमी होते. आम्हाला वाटलं तुम्हीच तिकडून घ्या म्हणताय.

मोहनकाका_पाचगणी | 8 डिसेंबर, सकाळी 6:40

हे वाचून मीही आमची वही काढली. आमचीही सूट सगळ्या वारी आहे. किल्ल्यांच्या फळीवर हे दिसत नाही खरं. किल्ली 1,950 ला गेली काय नि 3,000 ला गेली काय, खुंटी सारखीच रिकामी.

दर्शन_दुबई | 8 डिसेंबर, सकाळी 10:15

सूट लावताना वार निवडता येतात, शुक्रवार-शनिवारच्या रात्री वगळून टाका. सणाच्या तारखाही बंद ठेवता येतात. फोनवर न सांगता स्वतः पॅनेलमध्ये जाऊन करा आणि मग गिऱ्हाईक म्हणून शनिवारची तारीख टाकून भाव तपासा. एकीकडे सूट काढली आणि दुसरीकडे मोबाइलवरून बुकिंग करणाऱ्यांची वेगळी सूट चालूच राहिली, असं फार वेळा होतं.

निशिगंध | 8 डिसेंबर, सकाळी 11:30

दर्शनचं करा. पण सुरूबन, मोठ्या भावाच्या कमी झालेल्या त्या 54 खोल्यांचा सगळा दोष सूट लावण्यावर टाकू नका. मला काल रात्री कॅलेंडर बघून सुचलं. 2024 मध्ये लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, पाडवा-भाऊबीज त्याच शनिवार-रविवारी. म्हणजे दिवाळीच्या सुटीचं बरंच गिऱ्हाईक गेल्या नोव्हेंबरात आलं. यंदा भाऊबीज 23 ऑक्टोबरलाच झाली. शिवाय गेल्या नोव्हेंबरात पाच शुक्रवार नि पाच शनिवार होते, यंदा शुक्रवार चारच. आपल्याकडे नोव्हेंबरशी नोव्हेंबर लावला की दिवाळी अशी फसवते. ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्र करून बघा.

सुरूबन | 8 डिसेंबर, संध्याकाळी 7:45

बघितलं. मोठ्या भावाने थेट गेलेल्या खोल्या, दोन महिने मिळून, गेल्या वर्षी 160, यंदा 134. म्हणजे कमी झाल्या त्या 26. उरलेल्या 28 दिवाळीने इकडून तिकडे नेल्या होत्या.

निशिगंध | 8 डिसेंबर, रात्री 8:30

तुमच्या अकरा कुटुंबांनी दोन-दोन रात्री धरल्या तरी 22 होतात. 26 च्या जवळच. बाकीच्या चारांचं कारण रजिस्टर सांगणार नाही.

सुरूबन | 15 डिसेंबर, रात्री 10:05

शुक्रवार-शनिवारची सूट काढून आठवडा झाला. दर्शन म्हणाले तसंच होतं, मोबाइलवाल्यांची 10 टक्के सूट वेगळी चालू होती, तीही काढली. परवाच्या शुक्रवार-शनिवारी 18 खोल्यांच्या 36 रात्रींपैकी 27 भरल्या, त्यातल्या 15 थेट फोनवर. नोव्हेंबरात अशा दोन रात्री मिळून थेट सरासरी दहा-अकरा असायच्या. नऊ रिकाम्या राहिल्या हेही खरं, आणि त्या रिकाम्या किल्ल्या बघताना हात पुन्हा सूट लावायला जात होता. एका आठवड्यावरून काही ठरत नाही, महिना जाऊ देतो.

काउंटरवरच्या मुलाला आता रोज रात्री एका वहीत तीन ओळी लिहायला सांगितल्यात. विकायच्या किती, विकल्या किती, जीएसटी सोडून पैसे किती. फुकटच्या वेगळ्या. त्याने स्वतःहून चौथी ओळ सुरू केली, थेट किती आणि ॲपवरून किती.

मोहनकाका_पाचगणी | 16 डिसेंबर, सकाळी 6:30

विकायच्या किती, इथे तो 20 लिहितो की 18?

सुरूबन | 16 डिसेंबर, सकाळी 8:10

20 लिहितो, काका. शेजारी 2 गळती. गच्चीवरचं काम जानेवारीत धरलंय.